स्वतःला लिहिलेले पत्र (कठीण वर्षासाठी)

पुढचे वर्ष कठीण जाणार हे आधीच कळलेल्या माणसाने, डोके शांत असताना, त्या वर्षातल्या वाईट दिवशी वाचण्यासाठी स्वतःलाच लिहून ठेवलेले पत्र. लांबचे उपचार, परीक्षेचे वर्ष, घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा, अशा अनेक प्रसंगी ते लिहिले जाते. या नोंदीत स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांचे वर्ष घेतले आहे. त्या वर्षाचे वेळापत्रक बरेचसे आधी माहीत असते आणि वाईट दिवस साधारण कधी येणार हेही सांगता येते. त्यामुळे पत्रात नेमके काय असावे ते इथे स्पष्ट दिसते.

पत्र उपयोगी का पडते? खिन्न मनाला खिन्न गोष्टीच चटकन आठवतात. गॉर्डन बॉवर या मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये स्मृती आणि मनःस्थितीच्या या नात्याची मांडणी केली. बरे वाटत असताना डॉक्टरांनी समजावलेले कारण, मागच्या वेळी चौथ्या दिवसानंतर आलेला उतार, हे सारे वाईट दिवशी पुसल्यासारखे होते. पत्र ती माहिती त्या दिवसापर्यंत पोचवते. म्हणून त्यात धीराच्या शब्दांपेक्षा माहिती जास्त हवी. मन मोकळे करण्यासाठी केलेले लेखन वेगळे. ते लिहून टाकण्यासाठी असते आणि पुन्हा वाचलेच पाहिजे असे नाही. हे पत्र मात्र वाचण्यासाठीच असते.

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेची शस्त्रक्रिया झाली आहे. पुढे दर २१ दिवसांनी एक असे केमोचे चार डोस, नंतर दुसऱ्या औषधाचे आठवड्याला एक असे बारा आणि शेवटी साधारण तीन आठवडे रेडिएशन. ही सर्वत्र वापरली जाणारी एक पद्धत आहे. शस्त्रक्रियेनंतरचे दिवस आणि मधल्या तपासण्या धरल्या की बहुतेक वर्ष त्यातच जाते. अशा पत्राचा पहिला भाग पहिल्या डोसच्या आधी लिहावा आणि त्यात एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे, कारण वाईट दिवशी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो:

“गाठ तर काढली, मग हे कशाला, असं आज तुला वाटेल. गाठ गेली, पण तपासणीत न दिसणाऱ्या पेशी अंगात कुठे उरल्या असतील तर त्यांच्यासाठी हे औषध आहे. हे तू डॉक्टरांना दोनदा विचारलंस, वहीत लिहून घेतलंस आणि घरी सगळ्यांशी बोलून होकार दिलास. तेव्हा तुझं डोकं ठिकाणावर होतं.”

अशा मजकुरात स्वतःला ‘तू’ म्हणणे चांगले. स्वतःशी बोलताना ‘मी’ऐवजी ‘तू’ किंवा स्वतःचे नाव वापरले तर माणूस प्रसंगाकडे थोडे दुरून पाहू शकतो, असे ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. मराठी माणसाला ही रीत परकी नाही. आपल्या संतांनी मनाला समोर बसवून त्याच्याशी असेच बोलणे केले आहे.

दुसरा भाग मात्र पहिला डोस होऊन गेल्यावरच लिहावा, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते पत्राचा खरा जीव त्यातच आहे. निरोगी अवस्थेत माणसाला दुखण्याचा अंदाज नीट येत नाही. त्यामुळे आधी लिहिलेली पत्रे ‘खंबीर राहा’, ‘हार मानू नकोस’ अशा आज्ञांनी भरतात. अंथरुणावर पडल्यापडल्या त्या वाचल्या की आपण कमी पडलो एवढेच वाटते. पहिल्या डोसनंतर मात्र स्वतःचा अनुभव हाताशी असतो. त्या २१ दिवसांत रोज दोन ओळींची टिपणे ठेवली की दिवसांचा क्रम दिसू लागतो. मळमळ थांबावी म्हणून डोसच्या वेळी आणि पुढचे दोन-तीन दिवस बहुधा स्टेरॉइड दिले जाते. त्याने सुरुवातीला उगाच हुशारी वाटते, झोप उडते. ते थांबले की अनेकांचे अंग आणि मन एकदम गळून जाते. त्या दिवसासाठी पत्रात असे काही असावे:

“आज तिसरा किंवा चौथा दिवस असणार. तोंडाला चव नाही, रडू येतंय, आणि आता हे कायमच असं राहणार असं वाटतंय. स्टेरॉइडची गोळी काल संपली, त्याचा हा परिणाम आहे. मागच्या वेळी सहाव्या दिवशी तू उठून स्वतः मऊ भात टाकला होतास. आज केमो सोडायची की नाही हे ठरवायचं नाही. तो विचार आठव्या दिवसानंतर, डॉक्टरांसमोर. आत्ता ताकात मीठ घालून पी, आणि ताईला फोन कर. ती काही विचारणार नाही, नुसती ऐकेल.”

यातली प्रत्येक ओळ काहीतरी काम करते. दिवस ओळखून देते, कारण सांगते, उतार आल्याचा पुरावा देते, मोठा निर्णय पुढे ढकलते आणि जमेल एवढेच पुढचे पाऊल सांगते. घाबरवणाऱ्या पण धोका नसलेल्या गोष्टीही आधी लिहून ठेवाव्यात. पहिल्या चार डोसांतल्या एका औषधाचा रंग लाल असतो. ते घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात, उशीवर आणि फणीत पुंजके येतात. त्यावरून आजार वाढला असा अर्थ निघत नाही.

पण एक गोष्ट कागदाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत हवी. डोसनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या काळात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, थंडी वाजली, तर पत्र बाजूला ठेवून लगेच, रात्र असली तरी, रुग्णालयाला फोन करून निघायचे. हाही एक वाईट दिवस म्हणून सोसत बसणे जिवावर बेतू शकते. पत्राचा सर्वांत घातक गैरवापर तोच.

कागद एकच, पाठपोट नाही, अक्षर मोठे. केमोच्या दिवसांत लांब मजकुरावर लक्ष टिकत नाही. तो रिपोर्टांच्या फाइलमध्येच ठेवावा, कारण ती फाइल सगळीकडे बरोबर जाते. घरातल्या एकाला त्याची जागा माहीत असावी, म्हणजे स्वतःला आठवले नाही तर ते माणूस हातात देईल. रोज वाचू नये, शब्द बोथट होतात. ‘तू नक्की बरी होणार’ असे वचनही त्यात नसावे. एखादा रिपोर्ट मनासारखा आला नाही की त्या ओळीबरोबर बाकी पत्रावरचा विश्वासही जातो. पत्र बरोबर जमले आहे की नाही हे वाचल्यानंतरच्या अर्ध्या तासात कळते. काही खाल्ले गेले, फोन झाला, डोळा लागला, तर जमले. वाचून अपराधी वाटले तर ती ओळ खोडून नवी लिहावी.

खिन्नता दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कशातच मन लागेनासे झाले, तर हे पत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तसे सांगावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले तर एक दिवसही थांबू नये, जवळच्या माणसाला लगेच सांगावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतूनही चालतो, तो पत्राच्या तळाशी लिहून ठेवावा.

साप्ताहिक डोस सुरू झाले की हे पत्र जुने होते. तेव्हा मळमळ कमी, पण बोटांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. हे त्या आठवड्याच्या भेटीत सांगायचे असते, कारण डोस बदलण्याचा निर्णय त्यावरून होऊ शकतो. त्या काळासाठी दुसरा भाग पुन्हा लिहावा लागतो. आणखी एक पान बहुतेक जण लिहायचे विसरतात, ते उपचार संपल्यानंतरच्या दिवसांचे. रुग्णालयाच्या फेऱ्या थांबतात, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमकी तेव्हाच अनेकींना भीती गाठते. पुढच्या तपासणीची तारीख, तोवर कोणत्या लक्षणासाठी फोन करायचा आणि कोणाला करायचा, एवढे त्या पानावर असले तरी पुरते.