पैठणीचे उत्पादन-छायाचित्रण

ऑनलाइन विक्रीसाठी पैठणीचे रंग, जर आणि वीण खरी दिसतील अशी छायाचित्रे काढण्याची पद्धत. पैठण आणि छत्रपती संभाजीनगर परिसरातील हातमागाच्या मालात हे काम अवघड ठरते, कारण एकाच कापडात प्रकाश शोषणारे गडद रेशीम आणि आरशासारखी चमकणारी जर शेजारी असतात.

जर स्वतःचा रंग कमी आणि समोरचे जास्त दाखवते. उघड्या बल्बखाली किंवा फ्लॅशने तिच्यावर पांढरे ठिपके उमटतात आणि पदरावरच्या मोरांचे तपशील जातात. समोर अंधारी खोली असेल, तर तीच जर काळपट येते. म्हणून प्रकाशाचा स्रोत मोठा आणि मऊ हवा. खिडकीवर पांढरी मलमल ताणून लावावी, टेबल तिच्यापासून सुमारे 1 मीटरवर ठेवावे आणि विरुद्ध बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा करावा. बाजूने तिरपा येणारा प्रकाश विणीचा उठाव दाखवतो. समोरून आलेला तो सपाट करतो. उत्तरेची खिडकी बरी, पण मराठवाड्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेकडे असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी तिथून थेट ऊन आत येते. तेव्हा मलमलीचा पडदा काढू नये.

खोलीतले दिवे बंद ठेवावेत. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा उजेड मिसळला, की साडीची एक बाजू एका छटेची आणि दुसरी दुसऱ्या छटेची दिसते. हा दोष नंतर दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य. सुरुवातीला करड्या कार्डाचा एक फोटो घेऊन त्यावरून रंगसंतुलन ठरवावे. राणी रंगात वीण दिसेनाशी होऊन सपाट डाग उरला, तर उजेड थोडा कमी करून पुन्हा घ्यावा.

पार्श्वभूमीला फिका करडा, चमक नसलेला कागद उत्तम. तो भिंतीवरून टेबलावर वळणदार सोडला, की मागची रेघ दिसत नाही. लाल किंवा हिरवे कापड मागे लावले, तर त्याची झाक जरीत उतरते. मुखपृष्ठाच्या फोटोला विक्रीस्थळ शुद्ध पांढरे मागत असेल, तर तेवढाच फोटो तसा द्यावा. मोतिया साडी मात्र पांढऱ्यात हरवते.

धूपछाव पैठणीला एक फोटो पुरत नाही. लाल ताणा आणि निळा बाणा असलेली जांभळी साडी एका बाजूने लालसर, दुसरीने निळसर दिसते. एकच कोन दाखवला, तर ‘रंग वेगळा आला’ म्हणून साडी परत येते, आणि ग्राहकाचे त्यात काही चुकत नाही. प्रकाश तोच ठेवून साडी 90 अंश फिरवावी आणि दोन्ही फोटो द्यावेत. पदराचा फोटो दांडीवर सोडून, कॅमेरा कापडाला काटकोनात धरून घ्यावा. फोनची रुंद लेन्स जवळून काठ वाकडे करते; थोडे मागे जाऊन 2x वापरावे.

उलट बाजूचा फोटो बरेच विक्रेते वगळतात, हे नुकसानीचे. हातमागावरच्या पदराची मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच असते. यंत्रमागाच्या नकलेत तिथे मोकळे किंवा कापलेले धागे दिसतात.