जाहिरातीचे स्थान, क्लिकचा दर आणि चौकशीचा दर्जा

गुगलवर काही शोधले की निकालांबरोबर जाहिराती दिसतात. जाहिरात पानावर किती वर आली, त्यासाठी क्लिकमागे किती पैसे गेले आणि त्या क्लिकमधून कामाचे गिऱ्हाईक आले का, या तीन गोष्टींचा परस्परसंबंध हा या नोंदीचा विषय आहे. उदाहरण कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योगातले घेतले आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतले अनेक कास्टिंग कारखाने आता नवे खरेदीदार सर्च जाहिरातींतून शोधतात, आणि तिथे चौकशी चांगली की फुकटची हा फरक फार ठळक असतो.

स्थान मोजण्याच्या पद्धती

पूर्वी यासाठी ‘सरासरी स्थान’ हा आकडा होता. जाहिरात इतर जाहिरातींच्या तुलनेत कितव्या क्रमांकावर आली, त्याची ती सरासरी असे. त्यात खोट अशी की तो क्रमांक पानावरची जागा सांगत नसे. वर एकही जाहिरात नसेल आणि आपली जाहिरात पानाच्या तळाशी एकटी असेल, तरी स्थान १ लागे. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुगलने संगणकावरच्या पानाची उजवी पट्टी काढून टाकली. जाहिराती वर चारपर्यंत आणि खाली तीनपर्यंत अशा विभागल्या गेल्या, आणि ‘स्थान ३’ म्हणजे नेमके कुठे हे सांगणे आणखी अवघड झाले. सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस हा आकडा बंद झाला.

त्याआधीच, नोव्हेंबर २०१८ मध्ये, नवे आकडे आले होते. `Impr. (Top) %` म्हणजे टॉप ऑफ पेज रेट. जाहिरात जितक्या वेळा दिसली, त्यांपैकी किती टक्के वेळा ती वरच्या गटात होती, हे त्यातून कळते. `Impr. (Abs. Top) %` हा त्या गटातही अगदी पहिली किती वेळा होती ते सांगतो. `Search top IS` मात्र वेगळा आहे. वर येण्याची जितकी संधी होती, त्यांतली किती मिळाली याचा तो हिस्सा आहे. पहिल्या दोन आकड्यांत भागाकार आपल्याच दिसण्याने होतो आणि तिसऱ्यात संधीने होतो. हा फरक ज्याच्या लक्षात राहत नाही, तो अहवाल हमखास उलटा वाचतो.

प्रत्येक शोधावर जाहिरातदारांनी क्लिकमागे लावलेल्या बोलींचा लिलाव होतो आणि त्यातून जागा ठरतात. समजा जाहिरात १,००० वेळा दिसली आणि त्यांतल्या ६०० वेळा वर होती. टॉप रेट ६० टक्के. बोली वाढवली. आता आधी ज्या लिलावांत प्रवेशच मिळत नव्हता, तिथेही ती पानाच्या तळाशी दिसू लागली. एकूण दिसणे १,६०० झाले, त्यांत वरचे ८००. टॉप रेट ५० टक्क्यांवर उतरला, पण वर दिसण्याच्या वेळा मात्र २०० ने वाढल्या. जुन्या सरासरी स्थानाचेही असेच होई: बोली वाढवली की ते कधी कधी घसरे आणि माणसे घाबरून आणखी बोली वाढवत.

वर जाण्याची किंमत

क्लिकचा दर म्हणजे लावलेली बोली नव्हे. आपल्या खालच्या जाहिरातीला मागे टाकायला आणि त्या जागेची किमान पात्रता गाठायला जेवढे लागतात, साधारण तेवढेच पैसे आकारले जातात. समजण्यापुरते सोपे करून पाहू: जागा बोली आणि गुणवत्ता यांच्या गुणाकाराने ठरते असे धरू, आणि गुणवत्ता म्हणजे जाहिरात व तिचे पान त्या शोधाला किती उपयोगी आहे ते. खालच्या स्पर्धकाची बोली ४० रुपये आणि गुणवत्ता ६, म्हणजे त्याचा गुणाकार २४०. आपली गुणवत्ता ८ असेल तर ३० रुपयांहून किंचित जास्त देऊन आपण वर राहतो. गुणवत्ता ५ असेल तर त्याच जागेसाठी ४८ च्या पुढे जावे लागते. (खऱ्या लिलावात गुणवत्ता त्या क्षणी नव्याने मोजली जाते. खात्यात दिसणारा १ ते १० चा स्कोअर हा केवळ अंदाज देण्यासाठी असतो.) त्यामुळे टॉप रेट वाढला म्हणजे क्लिक महाग होणारच, असे नाही. बोली वाढवून वर गेलात तर महाग होतो. जाहिरातीचा मजकूर आणि क्लिकनंतर उघडणारे लँडिंग पेज सुधारून वर गेलात तर तोच क्लिक स्वस्तही पडू शकतो.

आणखी एक गोष्ट फाउंड्रीवाल्यांना खटकते. स्पर्धक एकही नसला तरी वरची जागा खालच्या जागेपेक्षा महाग पडू शकते, कारण वरच्या गटाची किमान पात्रताच उंच ठेवलेली असते.

वरचा क्लिक चांगला असतो का?

गुगलचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ हॅल व्हेरियन यांनी २००९ मध्ये याचे उत्तर प्रसिद्ध केले. चांगल्या जाहिराती मुळातच वर असतात, हा परिणाम त्यांनी आधी वेगळा काढला. मग दिसले की एकाच जाहिरातीचा कन्व्हर्जन दर, म्हणजे किती टक्के क्लिकमधून चौकशी किंवा खरेदी होते ते प्रमाण, स्थानानुसार फारसा हलत नाही. अकरा जाहिरातींच्या पानावर हा फरक ५ टक्क्यांहून कमी निघाला. म्हणजे सर्वांत चांगल्या जागी १ टक्का असेल, तर सर्वांत वाईट जागी सुमारे ०.९५ टक्के. आजचे पान तेव्हासारखे नाही, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा वापरू नये. पण स्थान आणि दर्जा हे आपोआप बांधलेले नाहीत, हा मुद्दा अजून खरा आहे.

तरीही जवळजवळ प्रत्येक खात्यात वरच्या जागेचे क्लिक जास्त फळलेले दिसतात. याची दोन कारणे नेहमी सापडतात. कारखान्याचे नाव टाकून शोधणारा माणूस आपल्यालाच शोधत असतो. त्या शोधावर आपण पहिलेच असतो, क्लिक स्वस्त असतो आणि चौकशी पक्की असते. हे क्लिक बाकीच्यांत मिसळले की ‘वर राहणे स्वस्त आणि फायद्याचे’ असे चित्र उभे राहते. दुसरे कारण स्वयंचलित बोलीचे. गिऱ्हाईक होण्याची शक्यता जिथे जास्त, तिथे यंत्रणा स्वतःच जास्त बोली लावते आणि जाहिरात वर जाते. अशा मोहिमेत वरची जागा हा चांगल्या शोधाचा परिणाम असतो. तिला कारण समजले की पैसे चुकीच्या जागी जातात.

एका फाउंड्रीचे उदाहरण

पुढचे उदाहरण कल्पित आहे आणि आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नची कास्टिंग करणारा शिरोलीचा एक कारखाना आहे. बोली हाताने लावली जाते आणि कारखान्याच्या नावाचे शोध वेगळ्या मोहिमेत ठेवले आहेत. पहिल्या तिमाहीत कमाल बोली ४० रुपये होती, दुसऱ्या तिमाहीत ७५ केली. टॉप रेट ४५ वरून ७४ टक्क्यांवर गेला.

पहिल्या तिमाहीत ६०० क्लिक आले, सरासरी २८ रुपयांना, खर्च १६,८०० रुपये. चौकशा ३६, त्यांपैकी कामाच्या १५. कामाची चौकशी म्हणजे ड्रॉइंग, मटेरियल ग्रेड आणि महिन्याला लागणारे टनेज सांगणारी. दुसऱ्या तिमाहीत ८७० क्लिक, सरासरी ४६ रुपये, खर्च ४०,०२० रुपये. चौकशा ५२, कामाच्या १८.

क्लिकमागे चौकशीचे प्रमाण दोन्ही वेळा ६ टक्क्यांच्या आसपासच राहिले, म्हणून मालक खूश. पण सरासरी बाजूला ठेवून फक्त वाढीकडे पाहा. जास्तीचे २७० क्लिक मिळवायला जास्तीचे २३,२२० रुपये गेले, म्हणजे एकेक क्लिक ८६ रुपयांना पडला. ही रक्कम ७५ च्या कमाल बोलीहूनही मोठी आहे! वर जाताना नवे क्लिक विकत घ्यावे लागतातच, शिवाय जे ६०० क्लिक आधी २८ रुपयांत येत होते तेही महाग होतात आणि तो बोजा या २७० क्लिकवर पडतो. खात्याच्या पडद्यावर हा आकडा दिसत नाही, तो हाताने काढावा लागतो. कामाच्या चौकशा तीनच वाढल्या, म्हणजे एकेक ७,७४० रुपयांना.

इथे थांबून ‘वरची जागा परवडत नाही’ असा निकाल देणे घाईचे ठरेल. शोधशब्दांचा अहवाल उघडला की चित्र दोन भागांत तुटते. `sg iron casting supplier` यांसारख्या नेमक्या शोधांवर पहिल्या तिमाहीत १८० क्लिक, ६,८४० रुपये आणि १० कामाच्या चौकशा. दुसऱ्या तिमाहीत २४० क्लिक, १३,४४० रुपये आणि १४ चौकशा. जास्तीच्या चार चौकशांना ६,६०० रुपये, म्हणजे एकीला १,६५० रुपये.

उरलेले सगळे `foundry in kolhapur` सारखे मोघम शोध. तिथे ४२० क्लिकचे ६३० झाले, खर्च ९,९६० वरून २६,५८० वर गेला आणि कामाच्या चौकशा ५ वरून ४ वर आल्या. पाच आणि चार यांत फरक मानू नये, एवढ्या लहान आकड्यांत तो योगायोगानेही पडतो. पण १६,६२० रुपये जास्त ओतून काहीही वाढले नाही, एवढे नक्की म्हणता येते. त्या चौकशा कोणाच्या होत्या, हे फोन घेणाऱ्याला विचारले की कळते. “साहेब, जागा आहे का?” विचारणारी आयटीआयची मुले, भंगारवाले, प्रोजेक्टसाठी कारखाना पाहू इच्छिणारे विद्यार्थी, जुनी भट्टी विकायला निघालेले लोक. मोघम शोध करणारी माणसे मुळात अशीच मिश्र असतात. जाहिरात खाली असतानाही ती मिश्रच होती, वर गेल्यावर ती जास्त संख्येने आणि जास्त दराने आली एवढेच.

एक चांगली चौकशी या कारखान्याला ३,००० रुपयांपर्यंत परवडते असे धरले, तर नेमक्या शोधांवर ७५ ची बोली आणि वरची जागा दोन्ही टिकवावीत. मोघम शोध वेगळ्या मोहिमेत काढून ४० वर आणावेत आणि `job`, `vacancy`, `iti`, `scrap`, `second hand` हे शब्द नकारात्मक यादीत टाकावेत, म्हणजे ते असलेल्या शोधांवर जाहिरात दिसणार नाही.

तुलनेच्या मर्यादा

एकामागून एक आलेल्या तिमाहींची तुलना कच्ची असते. वाहन आणि पंप उद्योगांची खरेदी वर्षभर सारखी नसते, स्पर्धकही मध्येच बोली बदलतात. त्यापेक्षा एकाच काळात निम्मे लिलाव जुन्या आणि निम्मे नव्या बोलीवर चालवणारा प्रयोग बरा. गुगल अॅड्समध्ये ती सोय आहे.

दर्जा मोजायचा तर चौकशीचा फॉर्म भरला गेला, यावर थांबून चालत नाही. फॉर्मबरोबर क्लिकची ओळख, म्हणजे `gclid`, साठवून ठेवावी लागते आणि ड्रॉइंग आले, कोटेशन गेले, ऑर्डर पडली, हे नंतर खात्यात परत भरावे लागते. क्लिकनंतर ९० दिवस उलटले की ही नोंद स्वीकारली जात नाही. कास्टिंगमध्ये पॅटर्न बनवणे, नमुना मंजूर होणे यातच कित्येकदा त्याहून जास्त वेळ जातो. म्हणून फाउंड्रीने ऑर्डरची वाट न पाहता ड्रॉइंग आले किंवा कोटेशन गेले हाच टप्पा कन्व्हर्जन म्हणून धरावा, आणि ताज्या दोन-तीन आठवड्यांचे आकडे तुलनेतून वगळावेत, कारण त्यांतली ड्रॉइंगे अजून यायची असतात.