वश्य कूट : दोन गुणांचा हिशोब, आणि आमचा आकडा ॲपपेक्षा वेगळा का येतो

पत्रिका जुळवायला आलेल्या लोकांचा हल्ली ठरलेला प्रश्न असतो, "मोबाईलवर २८ दाखवतंय, तुमच्याकडे २७ कसे?" कधी उलटंही असतं. बऱ्याचदा घोळ वश्य कूटात असतो म्हणून हे पत्रक छापलंय, एकदा निवांत वाचा.

पत्रिकेचे ३६ गुण आठ कूटांत, म्हणजे आठ कसोट्यांत वाटलेले असतात, त्यातले वश्याला फक्त २ आहेत. चंद्ररास बघायची, लग्नरास नाही, आणि तिचा गट काढायचा. मेष-वृषभ चतुष्पाद, मिथुन-कन्या-तूळ-कुंभ मानव, कर्क-मीन जलचर, सिंह एकटा वनचर, वृश्चिक एकटा कीटक. राहिल्या धनु आणि मकर, या दोन्ही मधोमध कापलेल्या आहेत. धनु म्हणजे धनुर्धर, वरून माणूस खालून घोडा, म्हणून पहिले १५ अंश मानव आणि पुढचे चतुष्पाद. मकरेचे पहिले १५ चतुष्पाद, नंतरचे जलचर.

कोण कोणाला वश याचं जुनं गणित अगदी जंगलातलं आहे बघा. सिंह सोडून सगळे माणसाला वश, त्यातले जलचर तर माणसाचं भक्ष्य. आणि सिंहाला सगळे वश, फक्त विंचू नाही. त्यावरून गुण ठरतात: दोघं एकाच गटातले किंवा सख्य असेल तर २, एका बाजूने वश्य आणि दुसरीकडून वैर असेल तर १, वश्य आणि भक्ष्य असं असेल तर अर्धा, वैर आणि भक्ष्य असेल तर शून्य. म्हणून मिथुनेची मुलगी आणि कर्केचा मुलगा म्हटलं की अर्धाच गुण पडतो. सिंहाच्या ओळीत मात्र छापील कोष्टकंही एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे सिंह रास असेल तर दोन ठिकाणचे आकडे वेगळे आले म्हणून लगेच कोणाला खोटं ठरवू नका.

आता तो २८ आणि २७ चा प्रकार. समजा मुलगी मिथुन रास, आर्द्रा. मुलगा धनु, पूर्वाषाढा पहिला चरण, चंद्र १४ अंश ४० कलांवर. आमच्या हिशोबाने तो १५ च्या आत, म्हणजे मानव, मुलगीही मानव, वश्याचे पूर्ण २, एकूण २८. ॲपमध्ये अयनांश, म्हणजे राशीचक्राची सुरुवात कुठून मोजायची तो फरक, रामन निवडलेला असेल तर चंद्र साधारण दीड अंश पुढे सरकतो, १६ च्या थोडा वर जातो. नक्षत्र तेच, चरण तोच, नावरस अक्षर 'भू' तेच, बाकी सातही कूटं जशीच्या तशी, पण मुलगा मानवाचा चतुष्पाद झाला आणि वश्याचा १ गुण गेला, एकूण २७. गंमत म्हणजे धनुचा १५ वा अंश या पहिल्या चरणाच्या बरोबर मध्ये पडतो, आणि मकरेचा श्रवणाच्या दुसऱ्या चरणाच्या मध्ये, त्यामुळे नुसतं नक्षत्र-चरण किंवा नावरस नाव सांगून इथे भागत नाही, अंश लागतातच. आम्ही चित्रापक्ष म्हणजे लाहिरी अयनांश वापरतो. काही ठिकाणी तर अर्ध्याची भानगडच नको म्हणून अख्खी धनु मानव आणि अख्खी मकर जलचर धरून मोकळे होतात.

जन्मवेळेचंही तेच आहे. चंद्र एक अंश सरकायला पावणेदोन तासांच्या आसपास घेतो, म्हणजे "पहाटे कधीतरी झाला" असं आजीने सांगितलेलं असेल तर वरच्या उदाहरणात गट बदलू शकतो. दवाखान्याच्या कागदावरची वेळ मिळाली तर तीच आणा.

स्थळ तमिळ घरातलं असेल तर तिकडचं वश्य गटांवर चालत नाही, राशीला रास अशी यादी असते, उदाहरणार्थ मेषेला सिंह आणि वृश्चिक वश्य. ते आणि हे एकत्र करून बेरीज करू नका.

आणि एक, "मुलगी मुलाच्या मुठीत राहील का" हे विचारायला येऊ नका प्लीज. वश्य म्हणजे दोन राशींची एकमेकांकडे ओढ किती, एवढाच संकेत यात धरलाय, घरात कोणाचं चालणार ते कोष्टकातून निघत नाही. वश्य शून्य आलं म्हणून चांगलं स्थळ नाकारावं असं आम्ही कधी सांगत नाही. एकूण बेरीज १८ च्या काठावर असेल तेव्हाच हा एक-दीड गुण जाणवतो, कारण १८ च्या खाली गेलं की घरचे मागे सरतात.

धनु किंवा मकरेचा चंद्र १५ अंशाच्या अलीकडे-पलीकडे एका अंशात असेल तर आमच्या रिपोर्टवर वश्याच्या रकान्यात तुम्हाला पेनने केलेली चांदणी दिसेल आणि बाजूला दोन्ही आकडे लिहिलेले असतील. ती प्रिंटिंगची चूक नाही.