दुष्काळाची घरातली भीती

आजी-आजोबांनी सोसलेली टंचाई नातवंडांपर्यंत सवयीच्या रूपाने पोचते. सोलापूर जिल्ह्यात ती ओळखायची खूण म्हणजे ज्वारीची कोठी.

इथली रब्बी ज्वारी परतीच्या पावसावर येते. तो हुकला की वर्षाची भाकरी हुकते. १९७२ च्या दुष्काळात गावेच्या गावे खडी फोडायला आणि तलावाची माती वाहायला गेली. कामावर सुकडी मिळे, रेशनला परदेशी लाल ज्वारी, म्हणजे मिलो. त्या भाकरीची चव आजही जुनी माणसे तोंड वाकडे करून सांगतात.

नमुन्यादाखल मंगळवेढ्याकडचे एक घर घेऊ. आजी तेव्हा खडीवर होती. पुढे चांगले पिकू लागल्यावर तिने एकच नेम धरला: नवी ज्वारी आली तरी कोठीतली जुनी संपल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. मुलगा तिच्या हाताखाली वाढला. त्याने उपास काढले नव्हते, पण कोठीचा तळ दिसला की आईचा आवाज चढतो, हे तो रोज पाहत होता. त्याच्यासाठी तो घराचा नियम झाला. पुण्यात नोकरी करणाऱ्या नातीला खडीची गोष्ट कुणी सांगितलीच नाही. तरी पिठाचा डबा अर्ध्यावर आला की तिचा जीव घाबरा होतो, आणि शिळी भाकरी टाकताना हात अडतो.

भीती पोचते ती अशी: बोलण्यापेक्षा आवाजातून, हाताच्या चपळाईतून, मोठ्यांच्या गप्प राहण्यातून. जनुकांवरच्या खुणांमधूनही ती उतरते असे म्हणतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, तेव्हा गर्भात असलेल्यांमध्ये साठ वर्षांनंतरही अशा खुणा आढळल्या. पण ती माणसे स्वतः गर्भात असताना त्या उपासमारीतून गेली होती. नातवंडांपर्यंत खुणा जातात याचा माणसातला पुरावा अजून कच्चा आहे. पहिले कारण घरातच शोधावे.

साठवण म्हणजे भीती असेही नाही. पावसाचा भरवसा नसलेल्या मुलखात वर्षाची ज्वारी घरात असणे हा शहाणपणाच आहे. फरक कळतो तो कोठी उघडल्यावर. जाणता शेतकरी ज्वारीला कडक ऊन दाखवतो, कडुलिंबाचा पाला घालतो, आणि किडायच्या आत जुनी विकून किंवा खाऊन नवी भरतो. भ्यालेल्या घरात जुनी हलत नाही. नवी तिच्या मागे थांबते, तिलाही सोंडे लागतात, आणि घर भरल्या कोठीशेजारी वर्षानुवर्षे किडकी ज्वारी पाखडून खाते. पाणी आले, उसाचे पैसे आले, तरी हा क्रम बदलत नसेल तर तो १९७२ चा आहे असे समजावे.

अशा घरात कोठी परस्पर रिकामी करू नये. आजी रात्रभर जागी राहते. तिच्यादेखत आधी नवी भरावी, मग जुनी काढावी.