आभाळात पडलेल्या पायऱ्या

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने काढलेला एक फोटो माझ्याकडे आहे. खाली कड्याची काळी कड आणि वर गडद निळं आभाळ. फोटोत ते आभाळ मखमली दिसतं. दिवाळीच्या शुभेच्छापत्रासाठी मी त्याला चित्रासारखं रूप देणारा फिल्टर लावला आणि आभाळात आडवे पट्टे उमटले. पुढे फाइल लहान करावी म्हणून जेपेगमध्ये साठवली, तेव्हा चंद्राभोवतीच्या प्रभावळीला जिन्यासारख्या कडा आल्या. दोन्ही दोष एकाच आभाळात दिसले, तरी त्यांची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे.

आधी पट्टे. नेहमीच्या चित्रात लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पातळ्या असतात. हा आकडा मोठा वाटतो, पण संध्याकाळचं आभाळ त्यातला लहानसा तुकडाच वापरतं. समजा, आभाळाचा माथा लाल १२, हिरवा १६, निळा ४४ आहे, क्षितिजाजवळ हेच आकडे ३२, ४४, ९४ होतात आणि या दोहोंमध्ये ९०० पिक्सेल आहेत. हिरव्याला एवढ्या अंतरात फक्त २८ पायऱ्या चढायच्या आहेत, म्हणजे ३२ पिक्सेलना एक. निळ्याची पायरी १८ पिक्सेलनी येते, लालची ४५. तिघांच्या पायऱ्या वेगवेगळ्या जागी पडत असल्यामुळे मधले काही पट्टे किंचित जांभळट, काही किंचित हिरवट वाटतात.

एका पातळीचा फरक खरं तर नगण्य आहे, पण आपली नजर कडा शोधण्यात तरबेज असते. दोन सपाट छटा एकमेकींना भिडल्या की सीमेच्या एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला काळपट रेघ असल्याचा भास होतो. एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये या भासाचं वर्णन केलं.

मग मूळ फोटोत पट्टे का नव्हते? कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये कायम थोडी खरखर असते. एखाद्या जागी खरी छटा २० आणि २१ च्या मधली असेल, तर काही पिक्सेल २० होतात, काही २१, आणि लांबून नजर त्यांची सरासरी घेते. रांगोळीत दोन रंगांची सीमा पुसताना आपण चिमटीने एका रंगाचे कण दुसऱ्यावर भुरभुरवतो, तोच हा प्रकार. चित्ररूप देणाऱ्या फिल्टरचं पहिलं काम मात्र ही खरखर पुसून भाग गुळगुळीत करणं हेच असतं. खरखर गेली की पायऱ्या उघड्या पडतात.

म्हणून ती मुद्दाम परत घालावी लागते. तिला डिदरिंग म्हणतात. गिम्प आणि फोटोशॉप या दोन्हींत ग्रेडियंटच्या साधनाला त्यासाठीची खूण आहे. त्याहून चांगलं म्हणजे सगळं काम कितीतरी जास्त पातळ्या असलेल्या १६ बिटमध्ये करायचं आणि शेवटी ८ बिटमध्ये, म्हणजे नेहमीच्या २५६ पातळ्यांत, उतरवताना डिदरिंग चालू ठेवायचं. पायरीएवढी बारीक खरखर पुरते, ती डोळ्याला दाणा म्हणून जाणवतही नाही.

आता जेपेग. हा प्रकार चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोनाची सरासरी उजळता एका आकड्यात आणि आतले चढउतार उरलेल्या ६३ आकड्यांत मांडतो, आणि मग हे सगळे आकडे ठरावीक टप्प्यांत गोळाबेरीज करून ठेवतो. बचतीचा मोठा भाग या गोळाबेरजेतून येतो. प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये दर्जा ५० ठेवला, तर उजळतेच्या सरासरीचा टप्पा दोन पातळ्यांएवढा होतो. आपल्या आभाळाची उजळता एका चौकोनात जेमतेम पाव पातळी बदलते. एवढा हलका उतार त्या टप्प्यांत शून्य धरला जातो आणि अख्खा चौकोन सपाट होतो. परिणामी ९०० पिक्सेलमधल्या २८ पायऱ्यांच्या जागी साधारण १४ उरतात, त्याही दुप्पट उंचीच्या, आणि त्यांच्या सीमा चौकोनांच्या रेषांवर सरकतात. आडव्या पट्ट्यांत हे खपून जातं. चंद्राच्या गोल प्रभावळीत मात्र वर्तुळाची कड ८-८ पिक्सेलच्या पायऱ्यांनी तुटते. बहुतेक वेळा रंगाची माहिती अर्ध्या बारकाईने साठवलेली असते, त्यामुळे रंगाचे ठोकळे १६ पिक्सेलचे दिसतात.

ओळखायची खूण यातच आहे. चित्र चौपट मोठं करून पाहा. सीमा प्रभावळीच्या वळणाने वळत असेल तर ते पट्टे, आणि कोपरे काढत जात असेल तर ते जेपेगचे ठोकळे.

मला सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट अशी, की दर्जा ९० ठेवूनही डिदरिंग वाचत नाही. ठोकळे जातात, पण ती बारीक खरखर गोळाबेरजेच्या टप्प्यांपेक्षा लहान असल्याने जवळजवळ सगळी शून्यात जाते. फाइल उघडताना उरलेला गुळगुळीत उतार पुन्हा पूर्ण आकड्यांत मोडला जातो आणि निस्तरलेले पट्टे परत येतात. जेपेग मुळात फोटोंसाठी घडवलेला आहे. असल्या आभाळाला तो वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पीएनजी प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा ठेवतो, म्हणून खरखर टिकते. किंमत फाइलच्या आकारात मोजावी लागते. नुसता उतार आश्चर्यकारक लहान होतो, पण खरखर दाबली जात नाही. पूर्ण पडद्याच्या चित्राला अर्धा-एक एमबी सहज लागतो. इथे एक सापळा आहे. फाइल लहान करून देणारी पुष्कळ साधनं चित्रातले रंग मोजून २५६ वर आणतात, आणि ते तीन रंगांचे मिळून २५६. नाव पीएनजीच राहतं, पट्टे मात्र येतात. लिनक्स किंवा मॅकवर हे तपासता येतं:

```
file aabhal.png
```

उत्तरात `8-bit colormap` दिसलं तर रंग कापलेले आहेत, `8-bit/color RGB` हवं.

वेबपी या एकाच नावाखाली दोन वेगळे प्रकार येतात. गूगलने २०१० मध्ये आणलेला पहिला प्रकार व्हिडिओच्या तंत्रावर बेतलेला आहे. तो चौकोनांच्या सीमा स्वतःच घासून काढतो, त्यामुळे ठोकळे कमी दिसतात. पण त्यात उजळतेला २५६ ऐवजी २२० च पातळ्या मिळतात आणि खरखरही पुसली जाते. पट्ट्यांसाठी जमीन तयारच. दुसरा, काहीही न गमावणारा प्रकार पीएनजीचंच काम करतो आणि सहसा कमी जागेत:

```
cwebp -lossless aabhal.png -o aabhal.webp
```

वेबपीत ८ बिटच मावतात, म्हणून १६ बिटची फाइल थेट त्याला देऊ नये, आधी डिदरिंग करून ८ बिट करावी. आणि पट्टे पडलेला जेपेग पीएनजी म्हणून साठवला तर तेच पट्टे निगुतीने जपले जातात.

माझं शुभेच्छापत्र शेवटी चॅटच्या ॲपवरूनच जाणार होतं. तिथे चित्र म्हणून पाठवलेली फाइल पुन्हा दाबली जाते. जवळच्या मंडळींना मी ते डॉक्युमेंट म्हणून पाठवलं. गटांसाठी वेगळी प्रत केली आणि तिच्या आभाळात दोन-तीन पिक्सेल रुंदीचा जाडसर दाणा पेरला. जाड दाणा हे सावकाश होणारे चढउतार असतात आणि त्यांच्यासाठी जेपेगचे टप्पे बारीक असतात, त्यामुळे तो बराचसा तग धरतो. ते आभाळ थोडं जुन्या छापील कॅलेंडरासारखं दिसलं, पण पट्टे दिसले नाहीत.