प्लॉट सपाट करताना साधी सरासरी आणि भारित सरासरी

कटिंग म्हणजे काय आणि भराव म्हणजे काय, हे साइटवर सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो कोणत्या लेव्हलला प्लॉट सपाट केला तर कटिंगची माती भरावाला बरोबर पुरेल, हे काढताना. ग्रिडच्या सगळ्या लेव्हल बेरजेत घ्यायच्या आणि बिंदूंच्या संख्येने भागायच्या, ही रीत मी इतक्या हिशेबांत पाहिली आहे की आता तिचा राग येतो.

एक उदाहरण घेऊ. 20 × 20 मीटरचा, म्हणजे जवळजवळ चार गुंठ्यांचा प्लॉट, 10 मीटरची ग्रिड, नऊ बिंदू. वरच्या अंगाला 102.0, 102.1, 101.8; मधल्या रांगेत 101.2, 102.0, 101.1, खाली 100.2, 100.5, 100.2.

साधी सरासरी येते 101.23. पण कोपऱ्यातला बिंदू फक्त पाव चौकोनाचा प्रतिनिधी आहे, कडेचा अर्ध्याचा आणि मधला अख्ख्या चौकोनाचा. म्हणून कोपरे एकदा, कडेचे दोनदा आणि मधला चारदा मोजायचा. बेरीज 1622.0, भागिले 16, म्हणजे 101.375.

फरक 14 सेंटिमीटरचा. पण 400 चौरस मीटरवर तो जवळपास 57 घनमीटर होतो, म्हणजे 20 ब्रास. साध्या सरासरीने गेलात तर शेवटी एवढी माती उरते आणि ती बाहेर टाकायच्या ट्रिपा कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतात.

ही चूक टिकून राहण्याचं कारण आहे. आयताकृती प्लॉटचा उतार एकसारखा असेल तर दोन्ही उत्तरं तंतोतंत जुळतात. मधे उंचवटा किंवा खड्डा आला की ती फुटतात, आणि आपल्या डोंगरउतारावर असा प्लॉट नेहमीच भेटतो. इथे मधल्या 102.0 नेच सरासरी वर ओढली आहे.

एक्सेलमध्ये लेव्हलशेजारी त्याच आकारात 1, 2, 4 चे भार लिहा. इंग्रजी एलसारख्या प्लॉटच्या आतल्या कोपऱ्याला भार 3.

```
=SUMPRODUCT(B2:D4,F2:H4)/SUM(F2:H4)
```

मग प्रत्येक बिंदूचा 101.375 पासूनचा फरक त्याच्या भाराने गुणा, वरचे आणि खालचे वेगळे जमवा. दोन्हीकडे 5.0 येतं. पाव चौकोन 25 चौरस मीटरचा, म्हणून कटिंग 125 आणि भराव 125 घनमीटर. दोन आकडे जुळले नाहीत तर हिशेब चुकलाय, लेव्हल पुन्हा घ्यायची गरज नाही.

हे आकडे जमिनीतल्या मातीचे आहेत. डंपरमध्ये ती फुगते, रोलरखाली बऱ्याचदा मूळ आकारापेक्षाही कमी भरते. म्हणून मऊ मातीत मी ठरलेली लेव्हल दोन-तीन सेंटिमीटर खाली धरतो.