न ऐकू येणाऱ्या आवाजाची ऐकू येणारी टिकटिक

मामाच्या पंच्याहत्तरीला त्याच्या आठवणींचं रेकॉर्डिंग करून घरच्या ग्रुपवर टाकायचं ठरलं होतं. दीड तास बोलला, त्यातले 'अं...', खोकला, मधेच वाजलेली कुकरची शिट्टी असं सगळं कापून वीस मिनिटं उरवली. चाळीसेक कट झाले. शहाण्यासारखे सगळे कट दोन शब्दांच्या मधल्या शांततेत मारले आणि खूश होऊन हेडफोन लावले, तर प्रत्येक जोडावर 'टिक'. मामा म्हणाला, "अरे, मी बोलताना शेजारी बसून कोणी सुपारी कातरत होतं का?"

एका ओळखीच्याने सांगितलं केबल बदल, सोन्याचा मुलामा दिलेली पिन घे. अशा केबलींच्या नादी लागून लोक हजारो रुपये घालवतात म्हणून सांगतो, ही टिक फाइलमधल्या आकड्यांतच असते, ती सोन्याच्या तारेतून गेली काय नि तांब्याच्या तारेतून गेली काय, तश्शीच ऐकू येणार.

आता मला छळणारा प्रश्न असा की शांततेत कापलं तर टिक आली कुठून? तिथे आवाजच नव्हता ना!

होता. कॉलर माइक लॅपटॉपला लावलेला, लॅपटॉप चार्जरवर, त्यामुळे आपल्याकडच्या विजेची ५० हर्ट्झची घुंई त्यात आपोआप मिसळली होती. घुंई म्हणजे सेकंदाला ५० वेळा वर-खाली होणारी संथ लाट. आपला कान इतक्या खालच्या सुरांना जवळजवळ बहिराच असतो आणि लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरला तर तो सूर वाजवताच येत नाही, म्हणून आपण म्हणतो 'शांतता'. फाइलमध्ये मात्र ती लाट चालूच असते.

डिजिटल आवाज म्हणजे आकड्यांची रांग, माझ्या फाइलमध्ये सेकंदाला ४८,००० आकडे, उणे १ ते अधिक १ च्या मधले. समजा घुंईची उंची ०.०१ आहे. लाट इतकी संथ की एका आकड्यावरून पुढच्यावर जाताना जास्तीत जास्त फरक पडतो ०.००००६५ एवढाच. आता मी मधला तुकडा कापला. डावीकडची लाट वर चढलेली, ०.००८ वर, आणि उजवीकडची नेमकी खाली, उणे ०.००७ वर. दोन्ही टोकं चिकटवली की एका पावलात ०.०१५ ची उडी! नेहमीच्या पावलाच्या सुमारे २३० पट. जिन्याच्या पायऱ्या उतरता उतरता एकदम विहीर लागावी तसं.

आणि इथेच मजा आहे, मला हा भाग फार आवडतो. कुठलाही आवाज वेगवेगळ्या सुरांच्या लाटा मिसळून बनवता येतो हे शाळेत कुठेतरी ऐकलं असेल. संथ लाट बनवायला एकच खालचा सूर पुरतो. पण उभी कडा बनवायची तर? खालचे सूर आळशी, त्यांना इतक्या पटकन वळता येत नाही, मग त्यांच्या जोडीला वरचे, आणखी वरचे, अगदी कानाच्या मर्यादेपर्यंतचे सगळे सूर लागतात. सूर दुप्पट उंच झाला की त्याचा वाटा निम्मा होतो, पण संपत कोणीच नाही. म्हणजे कापण्यापूर्वी सगळा आवाज ५० हर्ट्झपाशी होता, जिथे कान मंद. कापल्यावर त्यातला थोडा हिस्सा २,००० ते ५,००० हर्ट्झपाशी जाऊन पडला, जिथे कान सगळ्यात तल्लख. त्यातून शब्दांमधली जागा, टिक झाकायला दुसरा आवाजच नाही. न ऐकू येणाऱ्या आवाजाला आपण कापून ऐकू येणारा केला! स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या क्षणी कुठले सूर आहेत ते दाखवणारं चित्र, उघडून बघा, प्रत्येक कटवर खालपासून वरपर्यंत उभी बारीक रेघ दिसेल. कान थकले असतील तर ही रेघ शोधणं सोपं.

लोक सांगतात, लाट शून्यावरून जाते तिथेच कट मारा. चालतं बऱ्याचदा, उडी जाते आणि फक्त कोपरा उरतो. पण चाळीस कटांना दोन्हीकडचं शून्य शोधत बसायचं, आणि स्टिरिओ असेल तर डावा चॅनल शून्यावर असताना उजवा कुठेतरी तिसरीकडेच असतो.

त्यापेक्षा क्रॉसफेड. दोन तुकडे जोडावर एकमेकांवर थोडे चढवायचे, पहिल्याचा आवाज कमी होत जातो तेव्हाच दुसऱ्याचा वाढत जातो. किती वेळ? ५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. तेवढ्यात २४० आकडे बसतात. ०.०१५ ची उडी २४० पायऱ्यांत वाटली की एक पायरी ०.००००६ च्या आसपास, म्हणजे घुंईच्या स्वतःच्या पावलाएवढीच! ३,००० हर्ट्झपाशी टिकेचा जोर त्यामुळे साधारण ४७ पट कमी होतो. कान तिथे काही पकडत नाही.

कमांड लिहिणाऱ्यांसाठी दोन तुकड्यांची जोड अशी:

```
ffmpeg -i a.wav -i b.wav -filter_complex "acrossfade=d=0.005:c1=tri:c2=tri" out.wav
```

`tri` म्हणजे सरळ रेषेतला फेड. वेगवेगळ्या आवाजांमध्ये सरळ फेड घेतला की मधोमध ३ डेसिबलचा खड्डा पडतो (निम्मा अधिक निम्मा, पण ताकद वर्गात मोजायची, म्हणून पाव अधिक पाव), तो भरायला `qsin` हा वक्र फेड वापरतात, पण दोन्हीकडे एकच लांबलेला सूर असेल आणि लाटा जुळल्या असतील तर तोच `qsin` मधे फुगवटा आणतो. ५ मिलिसेकंदात दोन्ही कळत नाहीत, सोडून द्या.

गंमत म्हणजे टेपच्या जमान्यातले लोक हे ब्लेडनेच करायचे. पाव इंची टेप ४५ अंशात तिरकी कापायची. सेकंदाला १५ इंच वेगाने ती हेडवरून जाताना एक तुकडा हळूहळू संपतो तसा दुसरा सुरू होतो, आणि पूर्ण रुंदीच्या मोनो टेपवर हिशोब केला तर १७ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड फुकटात! फक्त ब्लेडमध्ये चुंबकत्व शिरलेलं नको, नाहीतर तेच जोडावर टिक उमटवायचं.

एक घोळ सांभाळा. तुकडे एकमेकांवर चढतात म्हणून प्रत्येक जोडाला ५ मिलिसेकंद गायब होतात. चाळीस जोडांचे झाले ०.२ सेकंद, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत पाच फ्रेम, शेवटाला ओठ एकीकडे नि शब्द दुसरीकडे. व्हिडिओ असेल तर कटच्या पलीकडचा कापलेला आवाज थोडा उधार घेऊन त्यावर फेड करायचा, म्हणजे लांबी तेवढीच राहते.

आणि ५ ने टिक गेली तर २० ने अजून छान होईल असं वाटतंच, मलाही वाटलं. पण 'क', 'ट', 'प' म्हणताना तोंड आधी बंद होतं आणि मग छोटासा स्फोट होतो, तो स्फोट काही मिलिसेकंदांचाच. माझा एक कट 'काका' शब्दाला अगदी खेटून होता. २० मिलिसेकंदांचा फेड त्या स्फोटावरच पडला, आवाज पूर्ण चढेपर्यंत 'क' होऊन गेलेला. मामाने दुसऱ्यांदा ऐकलं, टिक नाही म्हणून खूश झाला, आणि मग विचारलं, "हा आका कोण रे?"

कट ३० मिलिसेकंद मागे, तोंड बंद असतानाच्या जागेत नेला, फेड परत ५ वर आणला. काका परत आले.